भिंतीची बुजवलेली छिद्रे

पस्तिशी ओलांडल्यावर मी रस्त्यांच्या खात्यात कनिष्ठ अभियंता झालो. त्याआधी औरंगाबादला एका महाविद्यालयात दहा वर्षे मातीचे गुणधर्म शिकवत होतो. पाणी मुरलेल्या मातीचे वजन वाढते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि भिंतीमागे साठलेले पाणी भिंतीला पुढे ढकलते, हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवले होते. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या साहेबासमोर मात्र माझा आवाज फुटत नसे.

माझ्याकडे कन्नडपलीकडच्या घाटाचा एक तुकडा होता. रस्ता रुंद करताना तिथे डोंगराचा पायथा तासला होता. वर काळा दगड आणि त्याखाली भिजल्यावर लोण्यासारखा होणारा तांबड्या मातीचा थर. तो उतार धरून ठेवायला दगडी भिंत बांधलेली होती, आणि तिच्यात हातभर अंतरावर पाणी जाण्यासाठी छिद्रे सोडलेली होती.

उन्हाळ्यात मंत्र्यांचा दौरा ठरला. भिंतीला चुना मारला, तर वळवाच्या पावसाने छिद्रांतून पाझरणाऱ्या पाण्याने त्यावर तांबडे ओघळ उतरले. उपअभियंता म्हणाले, "ही भोकं सिमेंटनं लिंपून टाका. गाड्या गेल्या की पुन्हा फोडू."

मी मान खाली घातली. बोलला तो आमचा मुकादम. देवगाव रंगारीकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला, वीस वर्षे याच घाटात राबलेला माणूस.

"म्हशीचे सड गळत्यात म्हणून कुणी शिवून टाकतं व्हय, साहेब?"

गवंडी हसले. उपअभियंत्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय हो प्राध्यापक, तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

"दौऱ्यापुरतंच असेल तर... हरकत नाही," मी म्हणालो.

दौरा झाला. छिद्रे उघडण्याची टिपणी मी दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा टेबलाच्या खणात ठेवली. उपअभियंत्यांना तो टोमणा वाटेल, अशी भीती होती. उताराच्या वर पाणी अडवून बाजूला नेणारा एक चर होता. तोही गाळाने बुजला होता. मुकादम दर आठवड्याला विचारी आणि मी दर आठवड्याला "बघतो" म्हणे.

पावसाने सलग चार दिवस झोडपले. पाचव्या दिवशी सकाळी मुकादम भिजत माझ्याकडे आला. "भिंतीनं पोट काढलंय, साहेब. वर माथ्याला चीर पडलीय, माझा पंजा जातो आत."

आम्ही गेलो. भिंत मध्यभागी फुगली होती. तिच्यातून एक थेंबही बाहेर येत नव्हता. त्या कोरडेपणाची मला सर्वांत जास्त भीती वाटली. मुकादमाने दोन्ही बाजूंनी दगड मांडून वाहतूक अडवली. खोळंबलेल्या एसटीचा ड्रायव्हर ओरडला, "अरं, इथंच संसार मांडायचा का आता?"

"मांड की! पलीकडं गेलास तर मोडंल," मुकादम म्हणाला आणि पहार घेऊन माझ्याकडे वळला. "खालची चार भोकं फोडतो. लई पाणी तुंबलंय. फोडू ना?"

फुगलेल्या भिंतीखाली माणूस उभा करायचा नसतो. रस्ता बंद ठेवायचा आणि सगळ्यांना दूर न्यायचे, इतकेच त्या वेळी करण्यासारखे होते. मला ते ठाऊक होते. पण छिद्रे उघडली तर माझी चूक पुसली जाईल, असे त्या क्षणी वाटले. मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या छिद्रातून गढूळ पाण्याची धार सुटली. तिसऱ्यावर पहार लावताच भिंत पायापासून सरकली. मुकादमाने मागे उडी घेतली, तरी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दगडांत सापडला. मागून तांबडा चिखल रस्ताभर पसरला.

चौकशीत प्रश्न एकच होता: भिंतीखाली जायला कोणी सांगितले? हुकूम नसेल तर बेशिस्त ठरून मुकादमाची नोकरी जाणार होती. उपअभियंते शेजारीच बसले होते.

"मी तोंडी आदेश दिल्याचे स्मरत नाही," मी म्हणालो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि खरेही. मी बोललो नव्हतो, फक्त मान हलवली होती. बुजवलेल्या छिद्रांचा विषय कोणी काढला नाही. कारण म्हणून अतिवृष्टी लिहिली गेली. मुकादम घरी बसला.

नवी भिंत मी बांधून घेतली. तिच्यामागे गोट्यांचा थर भरला, म्हणजे पाणी वाट काढेल आणि माती छिद्रांत अडकणार नाही. उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापला, वरचा चर पक्का केला, मुळे खोल जाणारे गवत लावले. मग देवगावला गेलो. खरे सांगायचे असे ठरवून.

तो ओसरीवर काठी घेऊन बसला होता. त्याने आत चहा सांगितला. "भोकं सोडली ना, साहेब?"

"सोडली."

"वाहत्यात?"

"वाहतात."

"मग झालं. उभं का? बसा की."

मी बसलो. पाऊसपाण्याच्या, मेंढ्यांच्या गोष्टी झाल्या. चहा संपला, तरी मला सुरुवात सापडली नाही. तो मला निरोप द्यायला अंगणापर्यंत लंगडत आला, आणि मी त्याला "नको, बसा" इतकेच म्हणू शकलो.