पहिला खिळा

माझ्या साडूंइतका भित्रा भाडेकरू आख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. जुन्या शहरातल्या त्यांच्या खोलीच्या वर घरमालकीणबाई राहायच्या. कुकरची शिट्टी जोरात झाली, की वरून काठी वाजायची: ठक ठक... ठक. साडू लगेच छताकडं बघून हात जोडणार. भिंतीला खिळा ठोकायची सक्त मनाई, म्हणून देवांच्या तसबिरी वर्षानुवर्षं पलंगावर आडव्या. शिंक आली तर हा गृहस्थ उशीत तोंड खुपसायचा! बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या, तरी साडू दार हळूच लावत.

यंदाच्या दुष्काळातच त्यांनी चिकलठाण्याकडं फ्लॅट घेतला. इमारत नवी, निम्मी रिकामी. नळ सोडला की पाण्याऐवजी नुसता हुंकार यायचा. वास्तुशांत टँकरच्या पाण्यावर उरकली. पाहुणे पांगल्यावर साडूंनी मला धरलं. उंबरठ्यावर किल्ली घेऊन काढलेला नवरा-बायकोचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा होता आणि त्याखाली झकास ओळ हवी होती.

मी ‘स्वप्नपूर्ती’ सुचवलं. "अहो, ते बिल्डरच्या बोर्डावरच हाय की!" मग ‘अखेर स्वतःचं घर!’ लिहिलं, तर त्यांनी माझा हात धरला. "स्वतःचं नका लिहू. ऐकू जाईल." कुणाला, ते सांगेनात. मी समजावलं, किल्ली फोटोत दिसतेच. फोटोत न दिसणारं, पण खरं असं एकच काही ओळीत सांगावं. तेही सुरुवातीलाच, लांबण लावली की पुढचं मोबाईल झाकून टाकतो. भाड्याच्या वर्षांचं रडगाणं नको, आणि फ्लॅटचा नंबर तर मुळीच नको.

"मग आधी खरं काहीतरी करा," म्हणत त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईनं, हातोडी पुढं केली. साडूंनी डोळे मिटून खिळा ठोकला. भिंतीपलीकडून आवाज आला: ठक ठक... ठक.

पलीकडचा फ्लॅट विकलेलाच नव्हता. बाहेर जाऊन पाहिलं, कुलपावर धुळीचा थर. परतलो तर साडू भिंतीपुढं हात जोडून उभे. "काढतो बाई, लगेच काढतो."

"काढून तर बघा!" ताईचा आवाज फुटला. "लई वर्षं देव निजवले मी. आता नाय." तिनं हातोडी हिसकावली, दोन घाव घालून खिळा पक्का केला आणि तसबीर टांगली. आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो. भिंत गप्प.

साडूंनी तसबीर सरळ केली. मग म्हणाले, "लिहा. ‘आज पहिला खिळा ठोकला. कुणी रागावलं नाही.’"

मी ते धाडलं. तेवढ्यात पलीकडून एकच, अगदी हलकी टकटक झाली.

"वाचलं वाटतं बाईंनी," साडू म्हणाले, आणि डोळे पुसत हसले.

पलीकडच्या फ्लॅटला अजून गिऱ्हाईक नाही. साडू आता बिनधास्त शिंकतात, आणि शिंकून झालं की क्षणभर भिंतीकडं कान देतात. परवा मला हळूच म्हणाले, "लई दिवसांत आवाज नाय हो. बाईंना करमत असंल ना तिकडं?"