ट्रेमधला उताणा फोन

माझ्या मावशीला शिवणकारखान्यात सगळे 'कटर मावशी' म्हणतात. कापडाचे तीस-चाळीस थर एकावर एक घालून कापायचे आणि वीतभरही वाया घालवायचं नाही, यात तिची एकतीस वर्षं गेली. मालकही तिला विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावू देत नाही.

तिथली एक रीत आहे. काम चालू असताना सगळ्यांचे फोन इस्त्रीच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये, उताणे. हात गुंतलेले, म्हणून मेसेज आला की इस्त्रीवाली वाचून ओरडते, "अगं काजवाली, नवरा विचारतोय, साखर कुठंय!" हसतात आणि विसरतात.

मावशीचा नवा फोन मी लावून दिला. बोटांचे ठसे झिजलेले, फोन ओळखेना. पिन ती विसरायची. मोबाइल अ‍ॅप तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे अंगात शहाणपण फार. पिन काढून टाकला, अक्षरं मोठी केली आणि लॉक स्क्रीनवर आख्खा मेसेज दिसेल असं केलं. म्हटलं, "आता चष्म्याशिवाय वाचशील."

चष्म्याशिवाय इस्त्रीवालीनंही वाचलं.

"कटर मावशी, दवाखान्यातून आहे! 'लघवी न थांबण्याच्या तक्रारीसाठी व्यायामाची वेळ, मंगळवारी...'" पुढे तिची जीभ अडखळली, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, "तरीच गं, सारखी उठते!"

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं काही न सांगता. मला बोलावलं.

"मीच काहीतरी भलतं दाबलं असणार," ती फोनकडे न बघता म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी काम सुरू केलं. आधी पिन हवा. कुलूपच नसेल तर लपवून उपयोग काय? तिनं मापंच निवडली. "छाती अडतीस, बाही बावीस. हे नाही विसरायची." मग नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन, लॉक असताना संवेदनशील मजकूर दाखवायचा पर्याय बंद केला. माझ्या फोनवरून एक मेसेज पाठवला. पडद्यावर मेसेज आल्याचं कळलं, आत काय ते नाही. पिन टाकल्यावर उघडला.

मावशीनं दोनदा पाठवायला लावलं. मग फोन पदराला पुसला.

सोमवारी ती गेली. संध्याकाळी तिचा फोन.

"इस्त्रीवाली म्हणाली, मेसेज आलाय, पण काय ते सांगत नाही बाई हा. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा शहाणा आहे." मग म्हणाली, "शिकलेली पोर घरात असली की बरं असतं गं."

मी म्हणणार होते, मावशी, तू काही दाबलं नव्हतंस. शब्द अगदी ओठांवर होते.

"मंगळवारी दवाखान्यात मी येते तुझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.