सामंतसरांना अर्धं वाक्य

जागृती राऊत आमच्या वसईच्या कॉलेजात भूगोल शिकवते. हजेरी घेताना ती एकही नाव गाळत नाही. २००१ साली पीएच.डी.च्या प्रबंधात आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणातही तिने तेच केलं. विषय होता बागायतीतल्या विहिरींचं खारट होत चाललेलं पाणी. पण प्रत्येक परिच्छेद एका आडनावाने सुरू व्हायचा: अमुक म्हणतात, तमुक म्हणतात. मी तिची मैत्रीण, तरी मला जांभया आल्या. मार्गदर्शक सामंतसरांच्या स्वतःच्या अभ्यासाला तर तिने अख्खं पान दिलं होतं. त्यांनीच शेरा मारला, "सगळे हजर आहेत. पण तू कुठे आहेस?"

दोन दिवस ती धुमसली. मग सांडोरच्या घरी ओट्यावर तिने एकेका अभ्यासाची चिठ्ठी मांडली आणि सालाऐवजी म्हणण्याप्रमाणे लावली. एकीकडे विहिरींच्या बेसुमार उपशाला दोष देणारे, दुसरीकडे खाडीच्या भरतीला. भांडण समोर दिसू लागलं. पण मोजमापं दोघांचीही मे महिन्यातलीच! पावसानंतर खारटपणा किती उतरतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं. तिचा प्रश्न तिथे सापडला.

आता पहिला परिच्छेद उपशाचा दावा मांडत होता, दुसरा त्याला अडवत होता, तिसरा दोघांची उणीव दाखवत होता. आडनावं पुराव्यापुरती उरली.

सामंतसरांनी प्रकरण चाळलं. "आणि मी कुठे आहे?"

जागृतीने तिसऱ्या परिच्छेदातलं अर्धं वाक्य दाखवलं. ते दोनदा वाचून सर हसले.

"बरोबर. माझं म्हणणं तेवढंच होतं."