फ्रॅक्चरच्या गुंतागुंती आणि बाबांची लाल पेन्सिल

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला माझ्या एका उत्तराचं कॉलेजभर नाव झालं होतं. प्रश्न दरसालचाच: फ्रॅक्चरच्या गुंतागुंती लिहा. मी पानाचे चार भाग पाडले होते. वर लवकर होणाऱ्या, खाली उशिरा होणाऱ्या. डावीकडे हाडाच्या जागी होणाऱ्या, उजवीकडे सगळ्या अंगाला भोवणाऱ्या. पोरी त्याचे फोटो काढून न्यायच्या आणि मी उगाच लाजल्यासारखं करायची.

ते उत्तर पाठ करताना समोर बाबा बसायचे. रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाइलीत चुका काढल्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांचे हात शिवशिवत असत. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी चुका करणारी एकटी मीच उरले होते. इंग्रजी मथळे त्यांनी आपल्या सोयीनं मराठीत करून घेतले आणि माझा एक मुद्दा सुटला की लाल पेन्सिल टेबलावर वाजायची.

"उजवीकडे वरचं, चरबी रक्तात जाऊन अडकते ते फॅट एम्बोलिझम कुठं गेलं? ते काय रजेवर हाये?"

हाड न जुळणं, वाकडं जुळणं, सांधा आखडणं हे खाली डावीकडचं सगळं त्यांना पाठ झालं होतं. फार दिवस पडून राहिलं तर मुतखडा होतो, हे उजव्या खालच्या कोपऱ्यातलं वाक्य तर ते शेजाऱ्यांनाही ऐकवत. परीक्षा माझी होती, तयारी मात्र त्यांची जास्त होती.

परीक्षेच्या आठ दिवस आधी सकाळी सदर बाजारात एका स्कूटरनं बाबांना धक्का दिला. उजवा हात टेकून पडले आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. जवळच्याच एका दवाखान्यात हाड बसवून दुपारपर्यंत प्लास्टर झालं. घरी आल्यावर मी हात उशीवर उंच ठेवला, गोळी दिली आणि आईला बजावलं की आता काळजीचं कारण नाही. घरात डॉक्टर असल्याचा रुबाब मला तेव्हा फार चढला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाबा कण्हायला लागले. मी सांगितलं, हाड मोडलं म्हणजे दुखणारच. नखं दाबून पाहिली. पांढरी झाली आणि लगेच गुलाबी झाली. रक्त नीट चाललंय, असं म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं. तासाभरात दुसरी गोळी दिली, तिचाही काही उपयोग झाला नाही. माझं आपलं एकच पालुपद, थोडं सहन करा.

मग बाबांनी डाव्या हातानं स्वतःचीच उजवी बोटं सरळ केली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी, तुह्या कागदावर वर डावीकडं काय लिहून हाये? हाडाच्या मानानं जास्त दुखते, बोटं ताणली का जीव जाते. नखाचा रंग चांगला दिसला तरी थांबू नये, त्याच्या खाली तर तू दोन रेघा मारल्या. मंग आता काहून थांबून राहिली?"

कंपार्टमेंट सिंड्रोम. सुजलेल्या स्नायूंना घट्ट आवरणाच्या आत जागा उरत नाही आणि ते रक्तावाचून मरू लागतात. मी ते शंभरदा घोकलं होतं. पण कागदावरचा हात कोणाचाच नव्हता आणि हा माझ्या बापाचा होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. हात उशीवरून खाली, छातीच्या पातळीवर घेतला आणि ऑटोनं आमच्या कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलो. उजव्या हाताशिवाय बाबा पेन्सिल कशी धरतील, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

ड्यूटीवरच्या सीनियर डॉक्टर दीदीनं बोटं ताणून पाहिली आणि दुसरं काही विचारलं नाही. प्लास्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलं, आतला कापूसही थेट कातडीपर्यंत कापला. यानं फरक पडला नाही तर ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन स्नायूंवरचं आवरण उघडावं लागेल, असं तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही वाट पाहत बसलो. अर्ध्या तासानं बाबांनी सुस्कारा टाकला. तासाभरानं दीदीनं बोटं परत ताणली तेव्हा त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. तिनं सांगितलं, सकाळपर्यंत थांबला असता तर बोटं कायमची आखडली असती.

मग हात धुताधुता तिनं विचारलं, "अच्छा पकड़ा. किसने पहचाना?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा डाव्या हाताचं बोट माझ्याकडे करून म्हणाले, "हमारी बेटी ने. पूरा याद है इसको."