पान्याचा दिवा आन टिकली

मला लिवता येत नाय. मी बोलतोय आन पुतणी लिवतीय. मधीमधी ती हसती आन मधीमधी गप होती. गप झाली की समजायचं, तिच्या बापाचा विषय आला.

तिचा बाप म्हंजे माझा थोरला भाऊ. आमचा एक पिकअप व्हता, मागं पाण्याची टाकी. दुष्काळाची सालं. शहर तिकडं वाळूजच्या अंगानं, इकडं बायपासच्या अंगानं नुसतं वाढत व्हतं. प्लॉट पडले, घरं झाली, रंग लागला, पण नळ नाय. दादा बोअरवर टाकी भरायचा आन त्या घरांना पाणी घालायचा. मी पाइप धरायचो. गावात कुणी इचारलं, तू काय करतो रं, तर मी सांगायचो पाणीपुरवठा खात्यात हाय.

मला गाडी दादानंच शिकवली. पैल्या दिवशी म्हणला, "किल्ली फिरव. इंजिन चालू करू नको. काय दिसतं?"

"दिवाळी दिसती," म्हणलं. मीटरवर सगळेच दिवे पेटलेले.

"आता चालू कर."

चालू केलं तर एकेक करून इझले.

"किल्लीला सगळे पेटतात. इंजिन चालू झालं की इझतात. जो राहिला, त्याला इचारायचं, बाबा तुझं काय म्हणणं हाय."

मी म्हणलं व्हय. मी सगळ्यालाच व्हय म्हणतो.

मग एका उन्हाळ्यात बोअरवर लाइन लागली व्हती. दादा म्हणला, जरा लिंबाखाली टेकतो. नंबर आला म्हणून मी हाक मारली. दुसरी हाक मारली. मग मी चेष्टा केली, काय साहेब, चहा पाठवू का. ती चेष्टा ऐकायला तो नव्हता.

माझी चेष्टा तशीच असती. येळेवर कधी पडत नाय.

तेरावं झालं आन वहिनीचा भाऊ घरी येऊन बसला. फुलंब्रीच्या पलीकडं त्याचं गाव. माणूस वाईट नाय, पण बोलला की ट्रॅक्टर चालू झाल्यावानी बोलतो. "आक्का, गाडी इकून टाक. तिला चालवणारा गेला."

"हे चालवतील की," वहिनी माझ्याकडं बघून म्हणली.

त्यानं पण माझ्याकडं बघितलं. मला त्याचा राग नाय आला. मी बी माझ्या हातात गाडी दिली नसती.

वहिनी म्हणली, "जवर चालतीय तवर इकायची नाय. ज्या दिवशी बंद पडंल त्या दिवशी तू म्हणशील तसं."

तर असं सगळं त्या गाडीच्या चालण्यावर येऊन थांबलं.

महिनाभरानं भर रस्त्यात मीटरवर पिवळा दिवा लागला. पान्याचं चित्र. बोल्ट खोलायचा पाना असतो ना, तसाच. मी म्हणलं झालं, गाडी स्वतःच सांगतीय की मला खोला. गाडी कडंला घेतली, बॉनेट उघडलं आन आत बघत उभा राहिलो. काय बघायचं ते म्हाईत नव्हतं, पण बघत व्हतो. मागून एक ट्रॅक्टरवाला आला, त्याला हातापाया पडून गाडीला दोर बांधला आन भरल्या टाकीसकट मिस्त्रीच्या दारात नेली.

मिस्त्री म्हातारा, दादाचा जुना दोस्त. आम्ही त्याला चाचा म्हणतो. चाचानं किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं, कान दिला. मग माझ्याकडं बघून म्हणला, "मय्यत कू भी ऐसा नै लाते बावा, जैसा तू इस गाडी कू लाया. अच्छी तो है."

"पण चाचा, दिवा."

"ये पाने का दिवा है. बिघाड का नै. ये सिर्फ किलोमीटर गिनता." मग मराठीत आला, मला समजावं म्हणून. "सर्व्हिस झाली की मिस्त्री ह्याला परत शून्यावर लावतो. तिथून तो मोजत बसतो. ठरलेलं अंतर झालं की सांगतो, तेल बदला, फिल्टर बदला. इंजिनात काय चाललंय ते ह्याला कळतच नाय. घड्याळाचा गजर असतो तसा." मग त्यानं बोटानं शेजारची जागा दाखवली. "बिघाडाचा दिवा हा. इंजिनाचं चित्र. हा पेटला तर मशीन लावून बघावं लागतं. तो पेटला तर यायचं, ओढत नाय, पण यायचं."

मी म्हणलं व्हय.

चाचानं तेल बदललं, फिल्टर बदलले, हवेच्या जाळीतनं आमच्या दुष्काळाची अर्धी माती काढली. मग दिवा शून्यावर लावायची, मीटरमधून बाहेर आलेली काळी काडी दाबायला बोट नेलं आन तिथंच थांबला. "पिछली बार तेरे भाई ने खुद दबाया था," म्हणला. "मला बाजूला सारलं. म्हणला, माझ्या गाडीचं मी लावतो."

गाडी तिथंच ठेवून मी घरी आलो आन हे वहिनीला सांगितलं. मला वाटलं सांगावं. ती भाकरी थापत व्हती. थापायची थांबली.

"म्हंजे तो दिवा त्यांनी लावल्यापासनं मोजतोय?"

"व्हय."

"मग राहू द्या भाऊजी. कशाला पुसायचा."

मी परत जाऊन सांगितलं तवा चाचानं दिवा तसाच ठेवला. "तेल नवा, दिवा पुराना," म्हणला. "पण ध्यान रख, अब ये झूठ बोल रहा. सर्व्हिस झाली तरी बोंबलणार."

आता हा दिवा सारखा पेटलेला. गिऱ्हाईक शेजारी बसलं की इचारायचं, "गाडी बिघडलीय का हो?" एकानं तर पाणीच नाय घेतलं, म्हणला मधेच बंद पडंल. तवा मी डोकं लावलं. माझं डोकं म्हंजे नवीन असल्यावानीच, कधी वापरलेलं नाय.

पुढच्या कप्प्यात दादानं आणलेलं टिकल्यांचं एक पाकीट व्हतं. मरून रंगाच्या, मोठ्या, वहिनी लावायची तसल्या. बाजारातून घेतलेलं आन द्यायचं राहून गेलेलं. मला ते सापडलं त्या दिवसापासून मी ते कप्प्यात ठेवायचो आन कप्पा बंद करायचो. वहिनीला कसं द्यावं? आता कपाळाला लावायची तिची सोय लोकांनी ठेवली नव्हती. टाकून बी देववत नव्हतं. त्यातली एक काढली आन मीटरच्या काचंवर, पान्याच्या दिव्यावर चिकटवली. म्हणलं दिवा बी राहिला, टिकलीचं बी चीज झालं. लई हुशारी वाटली मला माझी.

टिकली मोठी व्हती. शेजारचा इंजिनाचा दिवा बी तिच्याच खाली गेला. ते माझ्या ध्यानातच नाय आलं.

त्यानंतर मी मजेत. किल्ली फिरवायचो, टिकलीला नमस्कार करायचो, निघायचो.

वैशाखात वहिनीच्या भावाचा फोन आला. गावात घरच्या कार्याला पाणी पायजे. वहिनी म्हणली, आपणच नेऊ, मी बी येते. तिला भावाला दाखवायचं व्हतं की गाडी चालतीय. भरली टाकी, शेजारी वहिनी, मागं पाइपाच्या वेटोळ्यावर पुतणी. वहिनीनं बसल्याबसल्या टिकली बघितली. पदर सारखा केला.

फुलंब्रीच्या पुढं गाडी जड जड चालली. मी म्हणलं ऊन हाय. मग आरशात बघतो तर मागं काळा धूर. मी म्हणलं पुढच्या ट्रकाचा असंल. पुढं ट्रकच नव्हता. गावाच्या अलीकडं चढ हाय, तिथं गाडीनं जीव सोडला. पाय दाबतोय, आवाज येतोय, जोर नाय. पहिल्या गिअरात मुंगीवानी चढत व्हतो. आन वर, पाराजवळ, वहिनीचा भाऊ आन सगळी सोयरी उभी.

"काय पाव्हणं," तो वरून वरडला, "पाणी आणलं का गाडीला पाणी पाजायला आणली?"

सगळे हसले. मी पण हसलो. मला सवय हाय. वहिनी हसली नाय.

पाणी उतरवलं. जेवताना तो हळूच म्हणला, आवाज खाली करून, "आक्का, तूच म्हणली व्हतीस." वहिनीनं मान हलवली. तिच्या ताटातलं वरण तसंच राहिलं. मी तवा पैल्यांदा म्हणलं, "एक डाव चाचाला दाखवू द्या. मग घेऊन जा." त्यानं खांद्यावर हात ठेवला. "दाखवा की. मी कुठं पळतोय."

रिकामी गाडी हळूहळू शहरात आणली. वहिनी घरी उतरली नाय, तशीच गॅरेजवर आली.

चाचानं दार उघडलं, मीटर बघितला, आन नखानं टिकली काढली. खाली दोन दिवे. पाना आन त्याच्या शेजारी इंजिन.

"ये कब से जल रहा?"

मला कसं म्हाईत असणार? मी टिकलीला नमस्कार करत व्हतो.

चाचानं शिव्या द्यायला तोंड उघडलं, वहिनीला बघितलं आन मिटलं. मशीन आणून गाडीला जोडलं. टर्बोचा, म्हंजे इंजिनात हवा कोंबायच्या पंख्याचा, दाब कमी दाखवत व्हतं. बॉनेटखाली हात घालून त्यानं एक जाड रबरी नळी चाचपली, वाकवली. तिला खालून चीर पडलेली, कडंला तेलाचा ओघळ. "हवा इंजिनात जायच्या आधीच बाहेर पळतीय. हवा नाय म्हणून धूर, धूर म्हणून जोर नाय. इंजिन ठीक है."

"म्हंजे गाडी बाद नाय?" वहिनीनं इचारलं.

"नै बेटी. नळी बाद."

नवी नळी बसली. चाचानं मशीनवरून तो बिघाड पुसला, गाडी एक चक्कर फिरवून आणली. इंजिनाचा दिवा परत आला नाय. पाना तसाच पेटलेला. त्याच्यावर टिकलीचा चिकट गोल डाग.

चाचा म्हणला, "ह्याचं काय करायचं? तेलाचा टैम परत झालाय, ते बी आत्ताच बदलतो. पण हा असाच पेटता ठेवला तर पुढच्या टैमाला खरा सांगतोय का खोटा, कुणाला कळणार?"

मी वहिनीकडं बघितलं. तेल बदलून झालं तवा ती उठून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. तिथं ती कधीच बसली नव्हती.

"कसं करायचं?"

"किल्ली बंद ठेव. ती काडी दाबून धर. आता किल्ली फिरव, इंजिन चालू करू नको. सोडू नको. पाना लुकलुकंल, मग जाईल. मग सोड."

तिनं दाबलं. किल्ली फिरवली. सगळी दिवाळी पेटली. पाना लुकलुकला, लुकलुकला, आन गेला.

"हो गया," चाचा म्हणला. "छोड दे."

तिनं सोडलं नाय. अंगठा पांढरा पडला तरी धरून बसली. चाचा तोंड फिरवून हात पुसायला लागला, पुसलेलेच हात परत परत.

मी कप्पा उघडला आन पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणलं, "दादानं आणलं व्हतं. एक मी नासवली."

तिनं काडी सोडली. पाकीट हातात घेतलं, टिकल्या मोजल्यावानी बोट फिरवलं, जिथली मी काढली त्या रिकाम्या जागंवर थांबली.

"चला भाऊजी," म्हणली. "मला सरकू द्या, तुम्ही चालवा."

गाडी इकली नाय. अजून हाय, टाकी तेवढी बदलली. इंजिन चालू केलं की सगळे दिवे इझतात, एक बी राहत नाय.

पुतणी गप झालीय. आज एवढंच बोलतो.