कर्टोसिस तीन आणि पिशव्यांची झडती

डोंबिवलीच्या एमआयडीसीत मला पहिली नोकरी लागली, तेव्हा त्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि तो प्रॉडक्शन मॅनेजरच्या केबिनमध्ये होता. माझं काम क्वालिटीचं. मशीनखाली भरून आलेला डबा उचलायचा, वजन करायचं, आकडा लिहायचा, आणि संध्याकाळी त्याची परवानगी घेऊन तो कॉम्प्युटरवर चढवायचा. आम्ही अंगाला लावायची पावडर भरत होतो, शंभर ग्रॅमच्या पत्र्याच्या डब्यांत.

मी ठाण्याची, इंग्लिश मीडियमची, स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. मराठी घरात बोलायचे, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवायला लागायचं आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असायचा. त्यामुळे मी गप्प असायचे. गप्प राहिलं की शिष्ट म्हणतात हे मला तिथेच कळलं.

पावडर मशीनमधून डब्यात पडायची आणि उघडा डबा पट्ट्यावरून पॅकिंगच्या टेबलावर जायचा. तिथे बायका झाकण दाबायच्या, सीलची पट्टी चिकटवायच्या आणि खोक्यात भरायच्या. सगळ्या कंत्राटावरच्या. त्यांच्यात सगळ्यांत जुनी एक मावशी होती, खाडीकडच्या गावातली. सकाळी मासळी विकून मग कामाला यायची. टेबलाचं सगळं तिच्या हुकमाने चालायचं.

एके दिवशी कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याने खोकं परत पाठवलं. आतले काही डबे तीन-चार ग्रॅम कमी. सगळे नाही, काहीच. प्रॉडक्शन मॅनेजरने खोकं टेबलावर आपटलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "झाकण लावायच्या आधी कोण काय काढतं ते मला माहीत नाही असं समजू नका."

त्याच संध्याकाळपासून गेटवर बायकांच्या पिशव्यांची झडती सुरू झाली. वॉचमन पुरुष, म्हणून ते काम माझ्यावर आलं. स्टाफमध्ये बाई मी एकटीच होते.

मावशी रांगेत पहिली उभी राहिली. पिशवी उघडून माझ्या नाकासमोर धरली.

"बघ गो मॅडम. पिशवीन मावरं हाय, पावडर नाय. वास घेतेस का?"

मागच्या हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. एक म्हणाली, "तिला इंग्लिशमध्ये विचार, मग समजेल." मी आत पाहिलं, मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी वजनं घ्यायला मशीनपाशी गेले की त्या टेबलावरून पट्ट्यावर मुद्दाम पावडर झटकायच्या, माझ्या अंगावर येईल अशी. घरी आईने विचारलं, केसांत काय आहे. मी म्हटलं, पावडरचाच कारखाना आहे ना.

आठवड्यानंतर मोठे साहेब मुंबईच्या ऑफिसातून आले. कंत्राटदाराला सांगून पॅकिंगच्या सगळ्या बायका बदलायच्या, असा प्रस्ताव प्रॉडक्शन मॅनेजरने त्यांच्यापुढे ठेवला होता. मीटिंग त्याच्याच केबिनमध्ये झाली. मला बोलावलं ते नोट्स घ्यायला. त्याने प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. कॉम्प्युटरच्या पडद्याची हुबेहूब छापील प्रत होती ती. प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून काढलेली. वरचे मेनू, डाव्या बाजूचे ओळींचे नंबर, सगळं तसंच. मध्ये एक तक्ता. वजनं माझी होती, दोन नंबर मशीनची. एक्सेलमध्ये डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स काढलं की असा तक्ता येतो, हे मला माहीत होतं. त्याला ते येतं, हे माहीत नव्हतं.

"हे सायंटिफिक आहे, सर," तो म्हणाला. "मीन, म्हणजे सरासरी, शंभर पॉइंट सहा. म्हणजे आपण जास्तच देतो. खाली बघा, स्टँडर्ड एरर, पॉइंट वन वन. म्हणजे मशीनची चूक एका डब्याला फक्त पॉइंट वन वन ग्रॅम. प्लस-मायनस. मग चार ग्रॅम कुठे गेले? मशीन चार ग्रॅम खाऊच शकत नाही."

मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला. "आणि हे कर्टोसिस काय?"

"तीन पॉइंट झिरो फोर. नॉर्मल कर्व्हचं कर्टोसिस तीन असतं, सर, कुठलंही पुस्तक काढा. म्हणजे आपली मशीन एकदम नॉर्मल. स्क्यूनेस तर मायनसमध्ये आहे, झिरोपेक्षाही कमी. म्हणजे कर्व्ह तिरका नाहीच."

माझं पेन थांबलं होतं. कागदावरची प्रत्येक ओळ खरी होती आणि त्याने वाचलेली प्रत्येक ओळ चूक होती. तक्ता स्क्यूनेसवर संपत होता. खालच्या ओळी पडद्याबाहेर राहिल्या होत्या. त्या तिथे असतात हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं.

"वजनं हिनेच घेतलीत," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "काय गं, बरोबर आहेत ना?"

"वजनं बरोबर आहेत," मी म्हटलं.

"झालं मग."

"अर्थ बरोबर नाही."

मनात वाक्य जुळवत बसले असते तर ती वेळही गेली असती, म्हणून तशीच तुटक बोलत गेले.

"सर, स्टँडर्ड एरर एका डब्याची नसते. सरासरीची असते. पुन्हा तेवढेच डबे घेतले तर सरासरी किती हलेल, ते. एकेक डबा किती हलतो ते त्याच्या खाली आहे, स्टँडर्ड डेव्हिएशन. वन पॉइंट वन. दहापट. म्हणजे डबे शंभर होते, कारण शंभराचं वर्गमूळ दहा. मी चारशे डबे घेतले असते तर एरर अर्धी दिसली असती. मशीन तीच राहिली असती."

"कॉन्व्हेंटचं लेक्चर नको," तो म्हणाला. "कर्टोसिस तीन आहे का नाही?"

"पुस्तकातलं तीन. एक्सेल त्यातून तीन आधीच वजा करतं. त्यात नॉर्मल म्हणजे शून्याच्या आसपास. इथे तीन म्हणजे खूप जास्त. काही डबे सरासरीपासून फार लांब जातायत."

"हे तुला कोणी सांगितलं? कॉम्प्युटरने?"

"एक नंबर मशीनचं काढून बघू या," मी म्हटलं. "तिची वजनंही याच फाइलमध्ये आहेत."

एक नंबर मशीन त्याची लाडकी होती. पाहुणे आले की तीच दाखवायचा. तो हलेना. मोठे साहेब म्हणाले, "काढ." खुर्ची कोणी रिकामी करून दिली नाही, मी उभ्यानेच माऊस घेतला. तक्ता आला. कर्टोसिस मायनस पॉइंट वन टू, स्क्यूनेस जवळजवळ शून्य.

"तुमच्या हिशोबाने, सर, ही तीनपासून किती लांब आहे," मी प्रॉडक्शन मॅनेजरला म्हटलं. "म्हणजे हीच खराब."

मोठ्या साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे मायनस?"

"मायनस म्हणजे कमी नाही, सर. मायनस म्हणजे बाजू. शेपूट हलक्या वजनांकडे आहे. बहुतेक डबे शंभराच्या थोडे वर, आणि थोडे डबे बरेच खाली. मीडियनही बघा, म्हणजे ओळीतल्या मधल्या डब्याचं वजन, शंभर पॉइंट नऊ, मीनच्या वर. हलक्या डब्यांनी मीन खाली ओढलंय."

"किती खाली?"

मी दोन नंबरच्या तक्त्यावर जाऊन खाली सरकवलं. स्क्यूनेसच्या खाली रेंज आली, रेंजच्या खाली मिनिमम. शहाण्णव पॉइंट दोन.

"बरं, शहाण्णव," प्रॉडक्शन मॅनेजर एकदम म्हणाला. "तेच तर म्हणतोय मी! काढलंय कोणीतरी."

"हे डबे मी मशीनच्या तोंडाखालून उचलते," मी म्हटलं. "टेबलावर जायच्या आधी. बायकांचा हात त्यांना लागलेलाच नसतो."

हे सांगायला काही शिकावं लागत नव्हतं. तो रोज मला तिथेच उभी बघत होता.

मग साहेबांनी विचारलं, हलके डबे कधी येतात. मी फाइलमध्ये वेळेचा रकाना दाखवला. दुपारच्या पाळीत, थोडे थोडे, एका मागोमाग. हॉपरमधली, म्हणजे मशीनवरच्या मोठ्या नरसाळ्यातली, पावडर तळाला गेली की ती खाली ढकलणाऱ्या स्क्रूला पूर्ण भरती मिळत नाही आणि डबा हलका पडतो, हे मशीनवरच्या सगळ्यांना माहीत होतं. पूर्वी दोन नंबरचा हॉपर भरत ठेवायला एक माणूस असायचा. दुपारच्या पाळीतून तो कमी केला होता. कोणी, ते साहेबांनी विचारलं नाही. नुसतं प्रॉडक्शन मॅनेजरकडे पाहिलं.

"माणूस परत ठेवा," ते म्हणाले. "कंत्राट आहे तसंच राहू दे. आणि ती झडती बंद करा आजपासून."

मोठे साहेब बाहेर पडल्यावर त्याने माझ्या हातातला कागद काढून घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "फार शिकलीस," तो म्हणाला. "आता कॅल्क्युलेटरवर कर." दुसऱ्या दिवसापासून केबिनला कुलूप लागलं आणि मी कॅल्क्युलेटरवर करायला लागले. वर्ग, बेरीज, वर्गमूळ. कर्टोसिस हाताने काढायला अर्धी दुपार जायची. काढायचे तरी.

पण ते दुसऱ्या दिवसापासूनचं. मीटिंगच्या संध्याकाळी मी घरी निघाले होते, खांद्याला माझीच पर्स. गेटवर बायका सवयीने रांगेत उभ्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मावशीने मला पाहिलं आणि पिशवी उघडली.

"नको मावशी," मी म्हटलं. "बंद झालं ते."

"कोनी सांगला?"

"साहेबांनी. डबे मशीनमधूनच हलके येत होते. तुमचा काही संबंध नाही, असं ठरलं."

"ठरला!" ती मागे वळून बायकांना म्हणाली. "ऐकलं का गो? आपून चोर नाय असा ठरला. वर, केबिनमधी." मग माझ्याकडे वळली. हसत नव्हती. "रोज बघत होतीस ना? आजपन बघ."

"मावशी, खरंच गरज नाही."

"मना गरज हाय. बघ."

मागे कोणी हललं नाही. वॉचमनने तोंड दुसरीकडे केलं. मी वाकून पाहिलं. रिकामा डबा, घडी केलेला प्लास्टिकचा कागद, तळाला चार सुके बोंबील.

"बघितलास?"

"हो."

"काय हाय?"

"डबा. कागद. बोंबील."

"पावडर?"

"नाही."

"मोठ्याने बोल."

"नाही," मी मोठ्याने म्हटलं.

तिने पिशवीची गाठ मारली आणि बाहेर पडली. तिच्या मागची पुढे सरकली आणि तिनेही पिशवी उघडून धरली. मग तिच्या मागची. मी एकेक करून सगळ्या पाहिल्या आणि प्रत्येकीला मोठ्याने सांगितलं.