दोन जमांची एक नोंद

मित्राच्या तेराव्याला ओहायोतल्या डब्लिनमध्ये जमलेल्या मंडळींनी मला जे ऐकवले, ते मला मान्य नाही. "मुख्य कार्यालयाने त्याचा बळी घेतला आणि तुम्ही गप्प बसलात," असे एका गृहस्थांनी हातातल्या चहाच्या कपासह सांगितले. त्यांना शाखेचे खाते म्हणजे काय, हेही ठाऊक नाही.

मोटारींच्या सुट्या भागांच्या आमच्या कंपनीचे मुख्य कार्यालय मिशिगनमधल्या नोव्हायला. तिथले हिशेब माझ्याकडे होते. डब्लिनच्या शाखेचे हिशेब माझ्या पुण्याच्या कॉलेजातल्या या मित्राकडे. शाखेकडून आमचे किती येणे, हे आमच्या पुस्तकांत. शाखा आम्हाला किती देणे लागते, हे त्याच्या. दोन्ही आकडे एकच असावे लागतात, कारण एकत्रित ताळेबंदात ते एकमेकांना छेदून नाहीसे होतात. न जुळले, तर नाहीशी न होणारी रक्कम मध्येच लोंबकळत राहते.

महिनाअखेरीस आम्ही फोनवर बसत असू. मी आमच्या नोंदी वाचायचो, तो आपल्या पडद्यावर शोधून "आहे" म्हणायचा. मग तो वाचायचा आणि मी "आहे" म्हणायचो. वाटेतला ट्रक असला की तो म्हणे, "नाही रे. तुझा माल अजून रस्त्यात डोनट खातोय." फरक सापडल्याशिवाय फोन ठेवायचा नाही आणि फरकाची रक्कम नुसतीच कुठेतरी टाकून खाते जुळवायचे नाही, हा आमचा दंडक होता. इतरांना तो हट्ट वाटे.

त्या वर्षअखेरीस शाखेची शिल्लक आमच्यापेक्षा जास्त निघाली. शाखेने पाठवलेल्या एका भरण्याची आमच्याकडची रक्कम त्याच्याकडच्या रकमेहून मोठी होती. त्याच वेळी ओहायोतला एक ग्राहक म्हणत होता की, आपण पैसे केव्हाच चुकते केले. शाखेत मात्र तो अजून थकबाकीदार होता. नवे वित्तप्रमुख इथेच जन्मलेले, घाईचे. मालक, ते आणि मी एका खोलीत, मित्र स्पीकरवर.

"काका, कस्टमर म्हणतो पेड. मग पैसे गेले कुठे?" वित्तप्रमुखांनी विचारले.

"शाखेत आले नाहीत," मित्र म्हणाला. "मी पाठवलेली रक्कम मी सांगितली तेवढीच."

"ओके. डिफरन्स शाखेच्या नावे अ‍ॅडजस्ट करू, आज क्लोज करू. मग इन्क्वायरी."

इन्क्वायरी हा शब्द त्याने ऐकला. त्याने मला हाक मारली, "अरे, तू तरी बोल ना."

मी बोललो नाही, हे खरे. पण गप्प बसलो, हे खोटे. त्या क्षणी मी बँकेचे विवरण उघडत होतो. एकाच दिवशी दोन जमा होत्या: एक शाखेची, एक त्या ग्राहकाची. ग्राहकाने पैसे थेट नोव्हायला पाठवले होते आणि आमच्या रोखविभागाने दोन्ही मिळून शाखेच्या खात्यात एकच नोंद केली होती. शाखेला तशी सूचनाही पाठवली नव्हती. त्याचा दोष तिळमात्र नव्हता. "सापडले!" मी ओरडलो. "आहे! आमच्याकडेच आहे!"

स्पीकरवर कोणी नव्हते. त्याने फोन ठेवला होता.

नोंद मी त्याच दुपारी फोडून घेतली. शाखेनेही ग्राहकाचे खाते मिटवले, दोन्ही शिलकी जुळल्या आणि एकत्रित ताळेबंदात त्या खात्यांचा मागमूस उरला नाही. वित्तप्रमुखांनी त्याला माफीची ईमेल पाठवली. त्याचा राजीनामा तिच्याआधीच आला होता. मी फोन केले, उचलले नाहीत. गाडी घेऊन गेलो, तेव्हा त्याने दारातूनच सांगितले, "तुला माझ्यावर विश्वास ठेवायला कागद लागला." मी म्हणालो की, विश्वास मला होता, कागद त्यांना लागत होता. त्याने दार लावले. मीही परत गेलो नाही. मी बोलावल्याशिवाय जाणारा माणूस नाही.

तेराव्याला मंडळी पांगल्यावर वहिनी समोर येऊन बसल्या.

"भाऊजी, महिनाअखेरीला तुम्ही दोघे 'आहे, आहे' करायचात, ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे. बारशाला पाळण्याच्या वरून-खालून 'घ्या, घ्या' म्हणत बाळ देतात-घेतात, तसे वाटायचे मला." त्या किंचित हसल्या. "त्या दिवशी ह्यांनी खूप वेळ वाट पाहिली म्हणे, तुमच्या तोंडून ते ऐकायला."

"म्हणालो होतो, वहिनी. फोन ठेवल्यावर म्हणालो. खोलीतल्या दोघांना विचारा."

"त्यांना कशाला विचारू?" त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगायला हवे होते."

मी सांगायला आलो होतो आणि दार त्याने लावले, हे उत्तर माझ्या ओठांवर होते. ते खरे आहे आणि आजही मी ते कोणापुढेही मांडेन. पण त्यांच्यापुढे मांडले नाही. त्यांनी कोट आणून दिला. दारापुढच्या पायऱ्या उतरताना मागून त्यांनी विचारले, "खरेच ओरडला होतात?"

"ओरडलो होतो."

"मोठ्याने?"

मी होय म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दार उघडेच ठेवून, माझी गाडी वळेपर्यंत त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.